दलाली किती टक्के घ्यावी, आणि ती घेणाऱ्याला व विकणाऱ्याला नीट कशी समजावून सांगावी?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. गेली चार वर्षे मी परभणी शहरात जुनी घरे आणि रिकामे प्लॉट यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ म्हणून काम करतो. मागच्या महिन्यात एका व्यवहारात दोन्ही पक्ष माझ्यावर नाराज झाले. त्यात कोणाचीच लबाडी नव्हती, आणि हेच मला सर्वांत जास्त लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लॉट बाराशे चौरस फुटांचा होता. त्यावर जुने पत्र्याचे घर होते, पण त्याची वेगळी किंमत धरण्यासारखी स्थिती नव्हती. मालक सेवानिवृत्त आहेत आणि त्यांची मुले पुण्याला असतात. त्यांची मागणी ३८ लाखांची होती, आणि शेवटी तीन हजार रुपये फुटाने ३६ लाखांना सौदा ठरला. घेणारे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक दांपत्य. दोन लाखांची इसारपावती झाली, बँकेचे कर्ज मंजूर होण्यात दोन महिने गेले, आणि खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात दलालीचा विषय निघाला.

मी मालकांना पहिल्या भेटीत सांगितले होते, "दोन टक्के पडतील." शिक्षकांना फोनवर सांगितले होते, "आमचे दोन टक्के असतात." माझ्या मनात प्रत्येकी दोन टक्के, म्हणजे प्रत्येकाकडून ७२ हजार असा हिशेब होता. मालकांनी धरले होते की सगळे मिळून दोन टक्के आहेत आणि त्यातले निम्मे घेणारा देणार. शिक्षकांचा समजही तोच होता. दोघांनीही ३६ हजारांची तयारी ठेवली होती. मालकांनी माझे कष्ट पाहून ५० हजार दिले, शिक्षकांनी ३६ हजारच दिले, आणि माझ्या हाती १ लाख ४४ हजारांऐवजी ८६ हजार आले. शिक्षकांना घेऊन येणाऱ्या दुसऱ्या मध्यस्थाला मी "निम्मे तुझे" असे सांगितले होते. मला घेणाऱ्याच्या बाजूचे निम्मे म्हणायचे होते, त्याने एकूण रकमेचे निम्मे ऐकले. त्यालाही ४३ हजार द्यावे लागले.

पैसे कमी मिळाले याचे दुःख आहेच. पण जाताना शिक्षक बाई म्हणाल्या, "भाऊ, आधी सांगितलं असतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं," ते वाक्य अजून मनातून जात नाही. माझा प्रश्न असा आहे की योग्य टक्का कोणता, आणि तो दोघांना कोणत्या शब्दांत सांगावा, म्हणजे असा प्रसंग पुन्हा येणार नाही?

दख्खनचे पठार

रेरा कायदा आल्यापासून दोन टक्क्यांपेक्षा जास्त दलाली घेता येत नाही, आणि ज्याच्याकडे रेराचा नोंदणी क्रमांक नाही त्याला दलाली मागण्याचा अधिकारच नाही. तुम्ही दोन्हीकडून मिळून चार टक्के मागत होता, म्हणजे ते नियमाबाहेरच होते असे माझे मत आहे.

मोंढा नाका (छत्रपती संभाजीनगर)

पूर्णाकाठ, मी या व्यवसायात सव्वीस वर्षे आहे. तुमच्याकडून झालेली चूक माझ्याकडूनही सुरुवातीच्या काळात झाली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी टक्क्याविषयी. माझ्या कामात जुना फ्लॅट, घर किंवा मोठ्या किमतीचा प्लॉट असेल तर मी दोन्हीकडून एक-एक टक्का घेतो. आठ-दहा लाखांचा लहान प्लॉट असेल तर दोन-दोन टक्के घेतो, कारण आठ लाखांवर एक टक्का म्हणजे आठ हजार होतात, आणि महिनाभराच्या फेऱ्या, सातबारा किंवा मालमत्तापत्रक काढणे, मोजणीचा नकाशा पाहणे, वकिलाकडे बसणे यात ते परवडत नाही. एकरांनी विकल्या जाणाऱ्या जमिनीला एक टक्क्यापेक्षाही कमी घेतलेले आहे. म्हणजे टक्का कामाप्रमाणे आणि रकमेप्रमाणे बदलतो, तो कोठे कोरून ठेवलेला नाही. तुमच्या ३६ लाखांच्या व्यवहारात दोन-दोन टक्के मला जास्त वाटतात, पण आधी मान्य करून घेतले असते तर ते घेण्यात गैर काही नव्हते.

आता सांगण्याविषयी. "दोन टक्के" हा शब्दच अपुरा आहे. तो ऐकणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीने त्यांची उत्तरे धरून मोकळा होतो. एकूण दोन, की माझ्याकडून दोन? कोणत्या रकमेवर दोन? आणि ते कधी द्यायचे? म्हणून मी टक्का तोंडी बोलतो, पण कागदावर रुपये लिहितो. तोच एक कागद दोघांनाही दाखवतो, दोघांचे आकडे त्याच कागदावर असतात, आणि हे जागा दाखवायला नेण्यापूर्वी करतो. मालकाचा कागद वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा असे केले की संशयाला जागा राहते.

तुमच्याच व्यवहाराचे उदाहरण एक-एक टक्क्याने घेतले तर माझा कागद असा असता:

"सौदा ३६,००,००० रुपयांना ठरल्यास विकणाऱ्याकडून मध्यस्थाला ३६,००० रुपये मिळतील आणि विकणाऱ्याच्या हातात ३५,६४,००० रुपये राहतील. घेणाऱ्याकडून मध्यस्थाला ३६,००० रुपये मिळतील आणि घेणाऱ्याचा खर्च ३६,३६,००० रुपये होईल; मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलाची फी याशिवाय वेगळी. सौदा एक लाखाने वर-खाली झाला तर प्रत्येकाची दलाली एक हजाराने वर-खाली होईल. मध्यस्थाला या दोन रकमांखेरीज या व्यवहारातून दुसरे काहीही मिळणार नाही."

शेवटचे वाक्य मी कधीही गाळत नाही. लोकांची खरी भीती ३६ हजारांची नसते. याने मधल्यामध्ये आणखी किती खाल्ले, ही भीती असते.

गोदातीर (नांदेड)

मोंढा नाका यांनी भीतीचा जो उल्लेख केला ती भीती मी प्रत्यक्ष भोगली आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही नांदेडच्या बाहेरच्या भागात पंधराशे फुटांचा प्लॉट साडेअकराशे रुपये फुटाने घेतला. मध्यस्थाने आमच्याकडून एक टक्का घेतला आणि आम्ही तो आनंदाने दिला. खरेदीखतात हजार रुपये फुटाचा आकडा होता. उरलेली रक्कम मध्यस्थाने रोख नेली आणि सांगितले की मालकाची तशी अट आहे. वर्षभराने एका लग्नात मालकाची भेट झाली, तेव्हा समजले की त्यांनी मध्यस्थाला सांगितले होते, "मला हातात हजाराचा भाव दे, वरचे तुझे." पंधराशे फुटांचे वरचे दीडशे रुपये म्हणजे सव्वादोन लाख त्याने एकट्याने ठेवले, आणि वर आमच्याकडून एक टक्काही घेतला.

मालकांवर माझा राग नाही. त्यांना मागितले तेवढे मिळाले. पण आमच्या बाजूने घासाघीस करणारा माणूस प्रत्यक्षात स्वतःसाठी भाव वाढवत होता, हे समजल्यापासून मी कोणत्याही मध्यस्थावर विश्वास ठेवू शकलेली नाही.

मोंढा नाका

गोदातीर ताई, तुमच्या बाबतीत जे झाले त्याला आमच्या धंद्यात "वरचे" म्हणतात, आणि टक्क्याची दलाली व वरचे यांतला फरक ग्राहकांना समजावून सांगणे हेच माझ्या मते मूळ काम आहे.

हिशेब साधा आहे. एक टक्का घेणाऱ्या मध्यस्थाने ३६ लाखांचा सौदा ३७ लाखांवर नेला तर त्याला विकणाऱ्याकडून एक हजार आणि घेणाऱ्याकडून एक हजार जास्त मिळतात. त्या दोन हजारांसाठी तो सौदा मोडण्याचा धोका पत्करणार नाही; उलट सौदा लवकर व्हावा असेच त्याला वाटेल. वरचे घेणाऱ्याला मात्र तो संपूर्ण एक लाख मिळतो. म्हणून घेणाऱ्याने "तुम्ही भाव वाढवणार नाही कशावरून?" असे विचारले की मी हे दोन आकडे त्याच्यासमोर मांडतो. हीच गोष्ट विकणाऱ्यालाही सांगावी लागते, कारण त्याला उलटी शंका असते की हा सौदा उरकण्यासाठी माझा भाव पाडेल. ती शंका पूर्ण खोटी नाही, हे मी कबूल करतो. एक लाख कमी झाले तर मालकाचे लाख जातात, माझे दोन हजार जातात. म्हणून मालकाकडून "याच्या खाली बोलणे करू नये" असा आकडा मी आधीच घेतो, आणि घेणाऱ्याचा प्रत्येक प्रस्ताव जसाच्या तसा मालकापर्यंत पोहोचवतो.

एक ओळखण्याची खूणही सांगतो. मध्यस्थ इसाराच्या आधी घेणारा आणि विकणारा यांची समोरासमोर भेटच होऊ देत नसेल, किंवा इसार स्वतःच्या नावाने करून पुढे दुसऱ्याला देऊ पाहत असेल, तर वरच्याचा व्यवहार असण्याची शक्यता पुष्कळ असते.

तेरणेचा काठ (धाराशिव)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. लातूरला मुलासाठी दुकानगाळा भाड्याने घेतला, भाडे नऊ हजार आणि अनामत एक लाख आहे. मध्यस्थाने अनामतीवर दोन टक्के आणि शिवाय एक महिन्याचे भाडे असे दोन्ही मागितले. हे योग्य आहे का?

मोंढा नाका

तेरणेचा काठ, भाड्याच्या गाळ्याला आमच्याकडे एक महिन्याचे भाडे घेतात. अनामत तुम्हाला परत मिळणारी रक्कम आहे, तिच्यावर टक्का लावलेला मी तरी पाहिलेला नाही. हा धागा खरेदीविषयी आहे, म्हणून येथे एवढेच सांगतो.

अंबाजोगाईकर

मी दिवाणी वकिली करतो. "दख्खनचे पठार" यांच्या प्रतिसादातील अर्धा भाग बरोबर आहे आणि अर्धा दुरुस्त करण्यासारखा आहे.

रेरा अधिनियम २०१६ चा आहे. त्यात दलालीचा कोणताही टक्का ठरवून दिलेला नाही, कमाल मर्यादाही नाही. मध्यस्थाच्या नोंदणीची अट मात्र आहे, परंतु ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातील प्लॉट किंवा सदनिका विकून देणाऱ्याला लागू होते. बिल्डरच्या नव्या प्रकल्पात काम करणाऱ्याकडे महारेराचा क्रमांक असलाच पाहिजे. परभणीतील जुन्या मालकाचा बाराशे फुटांचा प्लॉट हा असा प्रकल्प नाही, त्यामुळे त्या व्यवहारात पूर्णाकाठ यांची दलाली केवळ नोंदणी नाही म्हणून बुडत नाही.

या व्यवहाराला लागू होतो तो १८७२ चा भारतीय करार अधिनियम. त्याच्या कलम २१९ चा आशय असा, की वेगळे काही ठरलेले नसेल तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत मध्यस्थाचा मोबदला देय होत नाही. खरा वाद येथेच सुरू होतो, कारण "काम" म्हणजे काय हे ठरलेले नसते. मध्यस्थ म्हणतो, गिऱ्हाईक आणले आणि इसार झाला की माझे काम संपले. पक्षकार म्हणतो, खरेदीखत नोंदले गेले तरच काम झाले. म्हणून मोंढा नाका यांच्या कागदात दलाली केव्हा देय होईल ते एक वाक्य आणखी हवे.

गोदातीर यांच्या प्रकरणात मालकाने स्वतःच "वरचे तुझे" म्हटल्यामुळे मालकाला तक्रार करता येणार नाही. परंतु मध्यस्थाने घेणाऱ्याकडूनही मोबदला घेतला, म्हणजे तो त्यांचाही प्रतिनिधी होता. प्रतिनिधीने ज्याचे काम घेतले त्याच्या नकळत त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला तर झालेला फायदा मागण्याचा हक्क कलम २१६ त्या पक्षकाराला देते. पुरावा मात्र लागतो, आणि रोख दिलेल्या रकमेचा पुरावा उभा करणे फार अवघड असते.

दख्खनचे पठार

दुरुस्तीबद्दल आभार. मी नव्या प्रकल्पात सदनिका घेतली होती, त्यामुळे सगळीकडे तेच लागू असेल असे धरून चाललो. आमच्या वेळी मध्यस्थाला पैसे बिल्डरने दिले होते, आमच्याकडून काहीच घेतले नव्हते. म्हणूनही दोन्हीकडून घेणे मला विचित्र वाटले.

रानमोगरा (हिंगोली)

दलाली केव्हा देय होते, यावर आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या मावसबहिणीने वसमतकडे शेतजमीन घ्यायचे ठरवले. इसार झाला त्याच दिवशी मध्यस्थाने दोन्हीकडून एक-एक टक्का घेतला. नंतर वकिलांनी सातबारा पाहिला तर भूधारणा पद्धतीच्या रकान्यात "भोगवटादार वर्ग २" असे होते. जुनी इनामी जमीन होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिची विक्री होऊ शकत नव्हती, आणि परवानगी मिळायला किती काळ लागेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. मालक भले होते, त्यांनी इसाराची रक्कम परत केली. दलाली मात्र परत आली नाही. मध्यस्थाचे म्हणणे होते की त्याने त्याचे काम केले आहे.

आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या मदतमाश आणि खिदमतमाश जमिनी अजून गावोगावी आहेत, हे प्रत्येक मध्यस्थाला माहीत असते. सातबारा न पाहता इसार करायला लावणाऱ्याने दलाली परत करायला नको का?

अंबाजोगाईकर

रानमोगरा ताई, माझ्या मते करायला हवी. कामात कसूर करणाऱ्या प्रतिनिधीला त्या भागाचा मोबदला मागता येत नाही, असे त्याच अधिनियमात कलम २२० आहे. पण पाच-पंचवीस हजारांसाठी कोणी दावा लावत नाही, आणि मध्यस्थांना ते ठाऊक असते. त्यामुळे वर्ग २ ची जमीन असेल तर दलाली परवानगीनंतर, खरेदीखताच्या दिवशीच द्यायची, हे आधी लिहून घेणे एवढाच व्यवहार्य उपाय आहे.

सिमेंट रस्ता (लातूर)

मी दोन वर्षांपूर्वी या व्यवसायात आलो आहे आणि वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. जागा दाखवण्याच्या आधीच कागदावर दोघांचे आकडे दाखवायचे म्हटले तर दोघांच्याही डोळ्यांसमोर सर्वांत आधी येते ते हे, की परस्पर व्यवहार केला तर प्रत्येकाचे ३६ हजार वाचतात. माझ्याबरोबर हे तीनदा घडले आहे. जागा मी दाखवली, "घरी विचारून सांगतो" म्हणाले, आणि चार महिन्यांनी घेणाऱ्याच्या मेहुण्याच्या नावाने खरेदीखत झाले. खरेदीखताचा दिवस येईपर्यंत मी गप्प राहिलो असतो तर निदान काही हाती लागले असते. दलालीचे बोलणे इसाराच्या वेळी करावे, तोपर्यंत दोघेही व्यवहारात गुंतलेले असतात, असे माझे मत झाले आहे.

गोदातीर

सिमेंट रस्ता, दोघेही गुंतल्यावर आकडा सांगणे याला आम्ही ग्राहक अडवणूक म्हणतो. तुमचे कष्ट बुडाले याचे मला खरोखर वाईट वाटते, पण मग दुसरा ग्राहक तुमच्याकडे येईल का?

मोंढा नाका

सिमेंट रस्ता यांची अडचण खरी आहे, तिला उडवून लावू नये. परस्पर व्यवहार होतात, आणि नातेवाइकांच्या नावाने होतात. पण ते आकडा लपवल्याने थांबत नाहीत, जागा दाखवल्याची नोंद ठेवल्याने कमी होतात. माझ्याकडे साधी वही आहे. तारीख, गट क्रमांक किंवा प्लॉट क्रमांक, पाहणाऱ्याचे नाव आणि सही, आणि त्याखाली एक वाक्य: "ही जागा मला या मध्यस्थामार्फत दाखवण्यात आली असून सहा महिन्यांत मी किंवा माझ्या कुटुंबातील व्यक्तीने ती घेतल्यास ठरलेली दलाली देईन." मालकाकडूनही असेच एक वाक्य घेतो. त्याच दिवशी मालकाच्या फोनवर संदेश पाठवतो की आज अमुक यांना जागा दाखवली. न्यायालयात जाण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली, पण सही केलेली असली की माणूस सहसा शब्द पाळतो. दहातला एक तरीही जातो. तो गेला असे धरूनच चालावे लागते.

सही करायला जो नाही म्हणतो, त्याला मी जागा दाखवत नाही. पहिली काही वर्षे हे जमत नाही, हेही मला माहीत आहे.

विदुला_क (लातूर)

मी कर सल्लागार आहे, म्हणून दोनच गोष्टींची भर घालते.

मध्यस्थाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की त्याला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते, आणि मग दलालीवर १८ टक्के कर लागतो. ३६ हजारांवर तो ६,४८० रुपये होतो, म्हणजे ग्राहकाने ४२,४८० रुपये द्यायचे. कागदावर नुसते "३६,०००" लिहिलेले असेल तर हे साडेसहा हजार कोणी सोसायचे यावर हमखास वाद होतो. म्हणून "करासह" किंवा "कर वेगळा" एवढे दोन शब्द लिहावेत. ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटीच्या नावाने काहीही मागता येत नाही. असे कोणी मागितले तर नोंदणी क्रमांक असलेले बिल मागावे.

दुसरे, विकणाऱ्याला दलाली जड वाटते तेव्हा त्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. मालमत्ता विकून झालेल्या भांडवली नफ्यातून दलालीची रक्कम वजा करता येते, कारण तो विक्रीसाठीच झालेला खर्च असतो. घेणाऱ्यानेही पावती जपून ठेवावी, पुढे विकताना ती रक्कम खरेदीच्या किमतीत धरता येते. पण यासाठी बँकेतून दिलेले पैसे आणि सही केलेली पावती लागते. गोदातीर ताईंच्या व्यवहारात जे दीडशे रुपये फूट रोख गेले, ते त्यांच्या खरेदीच्या किमतीत कधीच धरले जाणार नाहीत. उद्या त्या प्लॉट विकतील तेव्हा न झालेल्या सव्वादोन लाखांच्या नफ्यावरही त्यांना कर भरावा लागेल. रोख मागणाऱ्या मध्यस्थाला थांबवायला हे एक कारण पुरेसे आहे.

गोदातीर

विदुला ताई, हे मला आज समजले. सहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

शेलगावकर (जालना)

मला एक मूलभूत शंका आहे. एकच माणूस दोन्हीकडून पैसे घेतो, मग तो नक्की कोणाचा? माझी शेती समृद्धी महामार्गाच्या जवळ आहे. विकायला काढली तेव्हा चार मध्यस्थांची साखळी होती, आणि प्रत्येक जण म्हणायचा की मी तुमचाच माणूस आहे. शेवटी मी एकालाच ठरवले. दोन टक्के मीच दिले, आणि अट घातली की घेणाऱ्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. त्याने माझ्यासाठी मनापासून भाव मागितला. माझ्या मते हाच सरळ मार्ग आहे.

मोंढा नाका

शेलगावकर काका, तुमचा मार्ग सरळ आहे यात शंका नाही, आणि ज्याला आपल्या बाजूने भांडणारा माणूस हवा आहे त्याने तसेच करावे. मी मात्र स्वतःला दोघांमधला माणूस मानतो. घेणाऱ्याला कर्जाच्या कागदांसाठी आणि विकणाऱ्याला वारसांच्या सह्यांसाठी, दोघांसाठीही मी फिरतो. दोघांनाही ते माहीत असते. मला वाटते दोन्हीकडून घेण्यात दोष नाही, एकापासून दुसऱ्याचे लपवण्यात आहे.

शेलगावकर

तुमचे म्हणणे समजले, पण पटले असे म्हणणार नाही. भाव ठरताना मधल्या माणसाला शेवटी कोणाला तरी "थोडे सोडा" म्हणावेच लागते. तो ते कोणाला म्हणतो, हे कागदावर लिहिता येत नाही.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस सगळे प्रतिसाद वाचत होतो, आणि काल त्याप्रमाणे करूनही पाहिले, म्हणून लिहितो.

वसमत रस्त्याला एका गृहस्थांचा प्लॉट विक्रीला आहे, मागणी १८ लाखांची आहे. मी त्यांना म्हटले, "काका, मी दोन्हीकडून दीड-दीड टक्का घेतो. अठरा लाखांना गेला तर तुमच्याकडून सत्तावीस हजार आणि घेणाऱ्याकडून सत्तावीस हजार. तुमच्या हातात सतरा लाख त्र्याहत्तर हजार येतील. घेणाऱ्याला हाच कागद दाखवणार आहे. पैसे खरेदीखत झाल्यावर, बँकेतून, आणि मी पावती देईन. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे कर लागणार नाही." त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "घेणारा नाही म्हणाला तर त्याचे पैसे माझ्यावर टाकणार का?" हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. मी तेथेच लिहून दिले की एकाने न दिलेली दलाली दुसऱ्याकडून मागितली जाणार नाही. त्यांनी सही केली. वही आजच आणली आहे.

दुसऱ्या मध्यस्थालाही आता टक्क्यात न सांगता रुपयांत सांगणार आहे: गिऱ्हाईक त्याचे असेल तर घेणाऱ्याच्या बाजूचे सत्तावीस हजार त्याचे, विकणाऱ्याच्या बाजूचे माझे.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही. इसार झाल्यावर घेणाऱ्याने माघार घेतली आणि मालकाने इसाराची रक्कम जप्त केली, तर मालकाच्या हाती काही न विकता दोन लाख राहतात आणि माझे दोन महिने जातात. अशा वेळी मालकाकडे काही मागावे का?

अंबाजोगाईकर

दलाली खरेदीखतानंतर देय होईल असे तुम्हीच लिहून दिले आहे, त्यामुळे हक्क म्हणून मागता येणार नाही. हवे असेल तर पुढच्या कागदात जप्त रकमेतील ठराविक रुपये आधीच लिहावेत.

मोंढा नाका

मी अशा वेळी आजपर्यंत मागितलेले नाही. तोच प्लॉट पुन्हा माझ्याकडेच विक्रीला येतो. पण माझे दोन सहकारी जप्त इसाराचा चौथा हिस्सा लिहून घेतात, आणि मालक तो देतातही. यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

रानमोगरा

पूर्णाकाठ दादा, तो कागद लिहिताना सातबाऱ्याची किंवा मालमत्तापत्रकाची ताजी प्रत त्याला जोडा, एवढी विनंती. माझ्या बहिणीचा इसार त्या एका कागदाने वाचला असता.

पूर्णाकाठ

ताई, उद्या सकाळीच मालमत्तापत्रकासाठी अर्ज करतो. ते हाती आल्याशिवाय जागा कोणालाही दाखवणार नाही.